रूममधल्या बिघाडाची एन्ट्री कशी लिहावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका बिझनेस हॉटेलात मी आधी फ्लोअर सुपरवायझर होते, आता हाउसकीपिंगच्या कंट्रोल डेस्कवर बसते. नवीन मुलं जॉइन झाली की मेंटेनन्सच्या एन्ट्रीबद्दल तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. उदाहरणं बहुतेक एसीतून गळणाऱ्या पाण्याची आहेत. खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळ्यात डेस्कचा फोन वाजला की माझा पहिला अंदाज तोच असतो. शिवाय हा एक बिघाड नीट लिहिता आला की बाकीचे आपोआप जमतात.

"६१२ एसी लीक" एवढं लिहिलं तर काय बिघडतं? इंजिनिअरिंगला कळतंच की.

कळतं, पण अर्धंच. जुलैतल्या एका रात्री काय झालं ते सांगते. १०:४० ला ६१२ च्या गेस्टने फोन केला, ऑपरेटरने डेस्कला सांगितलं आणि आमच्या नवीन मुलीने बरोबर हेच तीन शब्द टाकले. नाइटचा टेक्निशियन टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन वर गेला. बेल वाजवली. आत गेल्यावर कळलं की पाणी पॅसेजच्या फॉल्स सीलिंगमधल्या ट्रॅप डोअरमधून पडतंय. तिथे हात पोचायला शिडी हवी, म्हणून तो खाली गेला. शिडी आणली, पुन्हा बेल. ट्रॅप डोअर उघडलं तर ड्रेन ट्रे काठोकाठ भरलेला. चोकअप काढायला वेट व्हॅक्युम हवा होता आणि तो बेसमेंटच्या स्टोअरमध्ये. तिसरी बेल वाजली तेव्हा सव्वाअकरा होऊन गेले होते. गेस्टला सकाळी सहाला निघायचं होतं.

प्रत्यक्ष काम वीस मिनिटांचं होतं. गेस्टने सकाळी ड्युटी मॅनेजरला ऐकवलं ते पाण्याबद्दल नव्हतं, तीनदा वाजलेल्या बेलबद्दल होतं. एन्ट्री वाचून टेक्निशियन पहिल्याच फेरीत योग्य हत्यार, योग्य सुटा भाग आणि योग्य वेळ घेऊन वर जाऊ शकला पाहिजे. हे पान त्या एका फेरीसाठी आहे.

मग ती एन्ट्री कशी लिहायला हवी होती?

अशी:

> ६१२. पॅसेजच्या सीलिंगमधून पाणी. दारातून आत आल्यावर उजव्या हाताला, ट्रॅप डोअरचा बाथरूमकडचा कोपरा. साधारण दोन सेकंदाला एक थेंब, पाणी स्वच्छ. गेस्टच्या म्हणण्याप्रमाणे १० वाजल्यापासून. एसी चालू, कूलिंग व्यवस्थित. खिडकी बंद. खाली बॅग होती, हलवली. टॉवेल आणि बादली ठेवली. शिडी लागेल. गेस्ट रूममध्ये, ११ पर्यंत जागे, तोवर या म्हणाले. सकाळी ६ ला चेकआउट.

वाचायला पंधरा सेकंद लागतात. पण शिडी लागणार, एसी बंद नाही, पाणी स्वच्छ आहे आणि ट्रॅप डोअरच्या कोपऱ्यातून येतंय, एवढं कळल्यावर आमच्या एसीवाल्या दादांनी वेट व्हॅक्युम न सांगता सोबत घेतला असता. आणि वीस मिनिटांत उरकणारं काम अकराच्या आत संपवायचं की सहानंतर रूम रिकामी झाल्यावर करायचं, हा निर्णय त्यांनी जिना चढण्याआधीच घेतला असता.

"उजवीकडे-डावीकडे" लिहिताना कोणाचं उजवं ते नेहमी सांगा. आमच्याकडे नियम एकच: दारातून आत येणाऱ्या माणसाचं. पलंगावर बसलेल्या गेस्टचं डावं-उजवं बरोबर उलटं असतं. त्या एका शब्दापायी चुकीचा साइड लॅम्प उघडून बसलेला इलेक्ट्रिशियन मी पाहिला आहे.

पाणी कुठून येतंय हे मला कसं कळणार? मी टेक्निशियन नाही.

कारण शोधायला तुम्हाला कोणी सांगत नाही. फक्त तीन गोष्टी बघा: पाणी कुठे दिसतं, कसं पडतं, आणि एसी बंद केल्यावर काय होतं.

आधी थोडं मशीनबद्दल. सेंट्रल प्लँट असलेल्या हॉटेलात रूमच्या सीलिंगमध्ये एफसीयू, म्हणजे फॅन कॉइल युनिट असतं. त्याच्या कॉइलमधून चिलरचं साधारण ७ अंशांचं पाणी फिरतं आणि त्यावरून पंखा हवा ढकलतो. थंड ग्लासला बाहेरून पाणी सुटतं तसं त्या कॉइलवर हवेतलं बाष्प जमतं, खालच्या ड्रेन ट्रेमध्ये पडतं आणि पाइपने उताराने निघून जातं. ट्रेमध्ये धूळ आणि शेवाळासारखा बुळबुळीत थर साचला की पाइपचं तोंड बंद होतं. मग ट्रे भरतो आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यातून सांडतो. हे पाणी एकाच जागेवरून, जवळपास ठरावीक गतीने, ट्रॅप डोअरच्या आसपास पडतं. एसी बंद केला की थोड्या वेळाने मंदावतं आणि मग थांबतं, कारण नवीन पाणी तयार होत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे ग्रिलला सुटलेला घाम. थंड हवा जिथून बाहेर येते त्या ग्रिलच्या पट्ट्यांवर ओळीने बारीक थेंब दिसतात, एका जागी धार नसते. असं दिसलं की आधी खिडकी किंवा बाल्कनीचं दार बघा. बाहेरची दमट हवा आत येत असेल तर ग्रिल घामाघूम होणारच. गेस्टला विनंती करून खिडकी लावा, ग्रिल पुसा आणि अर्ध्या तासाने विचारा. बऱ्याचदा इथेच विषय संपतो आणि कोणाला वर यावंच लागत नाही. तरीही एन्ट्री टाका, पण "खिडकी उघडी होती, बंद केली, ११:३० ला पुन्हा बघणार" असं लिहून. खिडकी बंद असूनही ग्रिल ओलं होत असेल तर तेही लिहा, मग इन्सुलेशन बघावं लागतं.

तिसरा प्रकार एसीचा नसतोच. एसी बंद करून बराच वेळ झाला तरी पाणी तसंच पडतंय, किंवा मधूनच वाढतंय, किंवा पिवळट आहे, किंवा बाथरूमच्या सीलिंगमधून येतंय. अशा वेळी वरच्या मजल्यावरची रूम आठवा. ६१२ च्या डोक्यावर ७१२ आहे. तिथल्या गेस्टने शॉवर सुरू केला की खाली पाणी वाढतं का, एवढं जरी एन्ट्रीत आलं तरी एसीवाल्याऐवजी प्लंबर येतो. तो ६१२ चं दार न वाजवता आधी ७१२ ची शाफ्ट बाहेरून उघडून बघतो.

"थोडं गळतंय", "खूप गळतंय" यातलं काय लिहू?

दोन्ही नको. थेंब मोजा. मोबाइलवर दहा सेकंद लावा आणि किती पडले ते लिहा.

याचा उपयोग फक्त नीटनेटकेपणासाठी नाही. ढोबळ मानाने वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब म्हणजे मिनिटाला ३ मिलि आणि तासाला १८० मिलि. रात्री ११ ते सकाळी ७ या आठ तासांत दीड लिटरही भरत नाही, बाथरूमच्या बादलीत सहज मावतं. म्हणजे गेस्ट झोपायला निघाले असतील, पाणी विजेच्या वस्तूंपासून लांब असेल आणि त्यांचीही हरकत नसेल, तर बादलीत जाडसर टॉवेल टाकून काम सकाळवर ढकलता येतं. टॉवेल आवाजासाठी, रात्री टपटप ऐकू आली की माणूस झोपत नाही. पण दहा सेकंदांत मोजता न येणारी धार असेल तर रूम बदलून देण्याचंच बोला. हा निर्णय ड्युटी मॅनेजरचा, पण त्यांना आकडा तुम्हीच देणार.

कारण माहीत असेल तर लिहायचं का?

बघितलेलं आधी, अंदाज शेवटी, आणि अंदाज आहे असं स्पष्ट लिहून. आमच्या एका मुलाने कूलिंगच्या तक्रारीवर "गॅस संपला आहे" असं टाकलं होतं. चिल्ड वॉटरवर चालणाऱ्या रूमच्या युनिटमध्ये गॅस नसतोच, गॅस असतो तो प्लँटरूममधल्या चिलरमध्ये. इंजिनिअरिंगवाले आठवडाभर हसले. हसण्यापुरतं असतं तर ठीक होतं. पण एन्ट्रीत "ड्रेन चोक" असं ठामपणे लिहिलं की टेक्निशियन ड्रेनच साफ करून येतो, आणि खरं कारण वरच्या मजल्यावरची फुटकी पाइप असेल तर रात्री दोनला दुसरी बेल वाजते. त्यात त्याची चूक नसते, त्याला चुकीच्या दिशेला आपण पाठवलेलं असतं.

"एसी कूलिंग करत नाही" यात अजून काय लिहिणार?

भरपूर लिहिण्यासारखं आहे. थर्मोस्टॅटवर सेट किती आणि रूमचं तापमान किती, दोन्ही आकडे. एसी किती वेळ चालू आहे. ग्रिलसमोर हात धरल्यावर हवा जोरात येते, कमी येते की येतच नाही. हवा थंड लागते की साधी. आणि शेजारच्या रिकाम्या रूममध्ये काय स्थिती आहे.

यातला हवेचा मुद्दा सगळ्यात कामाचा. हवा जोरात आहे पण थंड नाही, तर बहुतेक वेळा थंड पाणी कॉइलपर्यंत पोचत नाही, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा त्याचा ॲक्च्युएटर. हवा थंड आहे पण अगदी कमी, तर फिल्टर तुंबलेला किंवा पंखा हळू. हवा अजिबात नाही, तर काम इलेक्ट्रिकलचं. तीन वेगळी हत्यारं, तीन वेगळे सुटे भाग, आणि पुष्कळदा तीन वेगळी माणसं. शेजारची रूमही गरम असेल तर कोणालाच गेस्टकडे पाठवायचं नाही, बिघाड बाहेर शाफ्टमध्ये किंवा प्लँटमध्ये आहे.

एन्ट्री टाकण्याआधी फोनवरच दोन गोष्टी विचारा: की कार्ड स्लॉटमध्ये आहे का आणि बाल्कनीचं दार पूर्ण लागलंय का. काही हॉटेलांत दाराला सेन्सर असतो, दार उघडं राहिलं की एसी आपोआप बंद पडतो. मात्र गेस्टला "तुम्ही दार उघडं ठेवलं असेल" असं म्हणू नका. "सर, बाल्कनीचं दार एकदा ओढून बघता का, आमच्याकडे ते घट्ट लागलं नाही तर एसी थांबतो" असं म्हणा. तेच काम होतं आणि समोरचा दुखावत नाही.

गेस्ट रूममध्ये असताना वेळ कशी लिहायची?

"गेस्ट इन रूम" हे पुरेसं नाही. टेक्निशियनला दोन वेळा हव्या असतात: कधीपासून आत येता येईल आणि कधीपर्यंत बाहेर पडायला हवं. "गेस्ट ७:३० ते ८:३० ब्रेकफास्टला, त्या वेळात या म्हणाले" हे वाक्य सोन्यासारखं आहे. महापे-ऐरोलीच्या ऑफिसांत येणारे गेस्ट सकाळी नऊच्या आसपास बाहेर पडतात आणि संध्याकाळी सातनंतर येतात. तुम्ही फक्त विचारायला हवं, बहुतेक जण स्वतःच वेळ सांगतात.

गेस्ट नसताना आत जायचं असेल तर त्यांनी परवानगी दिली का, आणि ती कोणाला दिली, हे लिहा. आमच्याकडे अशा वेळी टेक्निशियनसोबत हाउसकीपिंगचं कोणीतरी थांबतं, काम झाल्यावर लगेच पुसूनही घेतं. आत लहान बाळ झोपलंय, एखाद्या मॅडम एकट्या आहेत आणि सोबत महिला स्टाफ हवा म्हणाल्या, गेस्टची मीटिंग ऑनलाइन सुरू आहे, असं काही असेल तर तेही कामाचं आहे. मात्र गरज तेवढीच लिहा. "महिला स्टाफ सोबत हवा" पुरे, कोण आहेत आणि कशासाठी आल्या आहेत याची इंजिनिअरिंगला गरज नाही.

दारावर डीएनडी, म्हणजे "डू नॉट डिस्टर्ब" लागलेलं असेल तर बेल वाजवायची नाही, दारावर टकटकही नाही. एन्ट्रीत "डीएनडी, २:१५ ला पाहिलं" अशी वेळ टाका आणि फ्रंट ऑफिसला कळवा, पुढचा फोन ते ठरवतील. अपवाद पुढच्या प्रश्नात आहे.

अर्जंट कधी टाकायचं?

जळल्याचा वास, ठिणगी, लाइटच्या फिटिंगमधून किंवा सॉकेटजवळ पाणी, पॅसेजमध्ये वाहत आलेलं पाणी, लिफ्ट अडकलेली, गेस्ट आत किंवा बाहेर अडकलेला. यातलं काही असेल तर टाइप करत बसू नका, आधी फोन. एन्ट्री नंतर. बाकी सगळ्याला अर्जंट लावलं तर दोन दिवसांत त्या शब्दाकडे कोणी बघत नाही.

एकाच रूमच्या चार तक्रारी एकाच एन्ट्रीत टाकू का?

नको. एसी, नळ आणि टीव्ही यांची माणसं वेगळी. एकत्र टाकल्या तर शॉवरचा डायव्हर्टर स्टोअरमध्ये नाही म्हणून आख्खा जॉब चार दिवस ओपन दिसत राहतो आणि झालेली कामंही न झाल्यासारखी वाटतात. वेगवेगळ्या टाका, पण प्रत्येकीत "६१२ चे आणखी २ जॉब आहेत, ८ ते ९ मध्ये एकत्र या" ही ओळ घाला. गेस्टच्या दृष्टीने ती एकच भेट असते.

मराठीत लिहिलं तर चालेल का?

आमच्या सिस्टिममध्ये बहुतेक जण रोमन लिपीत मराठी-हिंदी-इंग्रजीची मिसळ टाइप करतात आणि ती सगळ्यांना कळते. भाषेपेक्षा जागेचं नाव महत्त्वाचं. ट्रॅप डोअरला एकाने झाकण, दुसऱ्याने डक्टचं दार, तिसऱ्याने हॅच म्हटलं की पुढे शोधताना तिन्ही सापडत नाहीत. इंजिनिअरिंगवाले ज्या वस्तूला जे म्हणतात तेच आपण म्हणायचं. एक शिफ्ट त्यांच्याबरोबर फिरलात तर दहा-पंधरा शब्दांत काम भागतं.

रूम ओओओ टाकायची की ओओएस?

हे तुम्ही ठरवत नाही, सुपरवायझर आणि फ्रंट ऑफिस ठरवतं. साधारण हिशोब असा, की ओओओ म्हणजे आउट ऑफ ऑर्डर, रूम विक्रीतून काढली. ओओएस म्हणजे आउट ऑफ सर्व्हिस, किरकोळ काम बाकी, हॉटेल फुल झालंच तर देता येईल. नेरूळच्या स्टेडियमवर मॅच किंवा वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरला मोठं प्रदर्शन असलं की एकेका रूमसाठी ओढाताण होते. अशा वेळी एन्ट्रीत "काम किती वेळाचं, वास किंवा ओल किती वेळ राहील" हे असेल तर वाद कमी होतात. ड्रेन साफ करणं अर्ध्या तासाचं काम, पण भिजलेलं कार्पेट ब्लोअर लावूनही काही तास घेतं. हे दोन आकडे वेगळे लिहा.

इंजिनिअरिंगने जॉब क्लोज केला म्हणजे झालं ना?

तुम्ही बघेपर्यंत नाही. ड्रेनचं काम असेल तर टेक्निशियन ट्रेमध्ये एक जग भरून पाणी ओतून ते झरझर जातंय का बघतो, त्या वेळी शक्य असेल तर सोबत थांबा. रूम रिकामी असेल तर एसी चालू ठेवून तासाभराने कोपऱ्याला हात लावून बघा. सीलिंगवर पिवळा डाग उरला असेल तर ती पेंटरची नवीन एन्ट्री. जुनी पुन्हा उघडू नका, नाहीतर गळती थांबलीच नाही असा समज होतो.

आणि क्लोज झालेल्या एन्ट्री अधूनमधून चाळत जा. त्याच ६१२ मध्ये पुढे दीड महिन्यात आणखी तीनदा पाणी आलं. एकाने लिहिलं "एसी लीक", एकीने "पॅसेज ओला", एकाने "सीलिंगमधून थेंब". प्रत्येक वेळी वेगळ्या शिफ्टच्या माणसाने ड्रेन साफ केला आणि जॉब बंद केला. रूम नंबर टाकून सगळ्या एन्ट्री एकाखाली एक काढल्या तेव्हा दिसलं की कोपरा दर वेळी तोच, बाथरूमकडचा, आणि साफ केल्यावर दहा-बारा दिवसांनी पुन्हा. ते प्रिंटआउट घेऊन मी इंजिनिअरिंगच्या सुपरवायझरकडे गेले. रूम रिकामी असताना त्यांनी सीलिंगची बाजूची टाइल काढली. ड्रेन पाइपचा एक क्लॅम्प निसटला होता, पाइप मध्येच खाली झोळीसारखा लोंबत होता, आणि त्या झोळीत पाणी साचून दर वेळी तोच बुळबुळीत गोळा तयार होत होता. उतार नीट करून नवीन क्लॅम्प मारला. दुपारी चेकआउट झाल्यावर काम सुरू केलं आणि संध्याकाळच्या चेकइनला रूम परत दिली, एकही बेल न वाजवता.